विसार घेऊन विक्रेता फिरला तर

भूखंडाचा व्यवहार ठरतो, विसाराची रक्कम दिली जाते, साठेखत होते आणि खरेदीखताची मुदत जवळ येऊ लागते, तसा विक्रेता दूरध्वनी उचलेनासा होतो. मधल्या काळात शेजारच्या भूखंडाचा भाव वाढलेला असतो, कोणीतरी जास्त रक्कम देऊ केलेली असते. अशा वेळी व्यापारी घरात एक वाक्य हमखास ऐकू येते: 'पैसे बँकेतून दिले आहेत, कागद आपल्याकडे आहे, न्यायालयात गेलो की जागा आपलीच.' ही समजूत अर्धी खरी आहे. उरलेली अर्धी ठाऊक नसल्यामुळे पुष्कळ खरेदीदार जिंकता येण्यासारखा दावा हरतात, आणि तेही विक्रेत्याच्या हुशारीने नव्हे, तर स्वतःच्याच बँक खात्यामुळे.

प्रथम खरी अर्धी बाजू. साठेखताने मालकी मिळत नाही. मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ५४ प्रमाणे विक्रीच्या कराराने त्या मिळकतीत खरेदीदाराचा कोणताही हितसंबंध निर्माण होत नाही. मिळतो तो विक्रेत्याकडून खरेदीखत करून मागण्याचा हक्क. विक्रेत्याने तो नाकारला तर स्पेसिफिक रिलीफ ॲक्ट, १९६३ या कायद्याखाली करारपूर्तीचा दावा लावता येतो. पूर्वी हा दिलासा देणे न देणे न्यायाधीशांच्या विवेकाधीन होते. २०१८ साली या कायद्यात दुरुस्ती झाली, ती १ ऑक्टोबर २०१८ पासून अमलात आली, आणि कायद्याने सांगितलेले अडसर आड येत नसतील तर न्यायालयाने करारपूर्तीचा हुकूम द्यावा, अशी कलम १० ची भाषा झाली. या बदलाने खरेदीदाराचे पारडे निश्चितच जड झाले.

परंतु अडसरांच्या यादीत कलम १६(क) आहे, आणि बहुतेक दावे तेथेच अडतात. आपण कराराच्या आपल्या बाजूच्या अटी पाळल्या आहेत किंवा त्या पाळण्यास सदैव तयार आणि इच्छुक होतो, हे खरेदीदाराने सिद्ध करावे लागते. 'तयार' आणि 'इच्छुक' या दोन शब्दांत न्यायालये भेद करतात. तयारी म्हणजे पैशाची ऐपत. इच्छा म्हणजे ती ऐपत वापरून व्यवहार पुरा करण्याची वृत्ती, जी वागणुकीतून दिसावी लागते. आणि 'सदैव' या शब्दाचा अर्थ कराराच्या तारखेपासून थेट हुकूमनाम्यापर्यंत असा घेतला जातो. विक्रेता लबाड होता हे सिद्ध झाले, तरी खरेदीदाराची तयारी सिद्ध झाली नाही तर दावा फेटाळला जातो. हे अनेकांना अन्यायाचे वाटते. पण कायद्याची दृष्टी अशी आहे की, जो दुसऱ्याकडून कराराचे तंतोतंत पालन मागतो, त्याने स्वतःकडे बोट दाखवण्यास जागा ठेवू नये.

हे कसे घडते ते एका उदाहरणावरून पाहणे सोयीचे होईल. उदाहरण कोणा एका कुटुंबाचे नाही. आकडे समजण्यापुरते घेतले आहेत. सांगली परिसरातील एका धान्य व्यापाऱ्याने गोदामासाठी ३,००० चौरस फुटांचा बिगरशेती भूखंड २,००० रुपये दराने, म्हणजे ६० लाखांना घेण्याचे ठरविले. १४ जून २०२२ रोजी साठेखत झाले. १५ लाख त्याच दिवशी द्यायचे, उरलेले ४५ लाख सहा महिन्यांच्या आत, म्हणजे १३ डिसेंबर २०२२ पर्यंत, खरेदीखताच्या वेळी द्यायचे. मधल्या काळात विक्रेत्याने भूखंडाची सरकारी मोजणी करून द्यायची आणि त्यावर असलेला एका पतसंस्थेचा बोजा उतरवून द्यायचा. व्यवहार ५० लाखांहून मोठा असल्याने व्यापाऱ्याने एक टक्का उद्गम करकपात करून १४,८५,००० रुपये आरटीजीएसने पाठविले आणि १५,००० रुपये विक्रेत्याच्या पॅन क्रमांकावर सरकारजमा केले. हे १५,००० रुपयांचे चलन किरकोळ वाटते, पण पुढे 'असा करार झालाच नव्हता' असे विक्रेता म्हणू लागला तर या चलनाशी त्याला झगडावे लागते. त्याच्या आयकराच्या नोंदीत ती रक्कम उमटलेली असते.

दिवाळीनंतर जवळचा रस्ता रुंद होणार असल्याची बातमी पसरली आणि भाव २,८०० रुपयांवर गेला. तोच भूखंड आता ८४ लाखांचा झाला. विक्रेत्याने मोजणीचा अर्ज केला नाही, बोजा तसाच ठेवला आणि भेटीगाठी टाळू लागला. येथे व्यापाऱ्यापुढे दोन वाटा होत्या. एक म्हणजे ओळखीच्या लोकांमार्फत बोलणी करत राहणे आणि मुदत निघून जाऊ देणे. आपल्याकडे ही वाट फार रुळलेली आहे. संबंध बिघडू नयेत म्हणून लेखी काही पाठवायचे नाही, असा एक संकेत असतो. दुसरी वाट म्हणजे मुदतीच्या आत लेखी मागणी करणे. व्यापाऱ्याने दुसरी वाट धरली. १ डिसेंबर रोजी वकिलामार्फत नोटीस पाठवून त्याने कळविले की, ४५ लाख तयार आहेत, विक्रेत्याने मोजणी व बोजाचे काम तातडीने करावे आणि सोमवार, १२ डिसेंबर रोजी सकाळी ११ वाजता दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात खरेदीखतासाठी हजर राहावे. त्या दिवशी तो दोन साक्षीदार घेऊन कार्यालयात गेला. नोंदणीसाठी आगाऊ वेळ घेतल्याची पावती, खरेदीखताचा तयार मसुदा आणि खात्यात रक्कम असल्याचे बँकेचे त्याच तारखेचे पत्र त्याच्याजवळ होते. विक्रेता आला नाही. संध्याकाळी व्यापाऱ्याने पुन्हा पत्र पाठवून हे सारे कळविले. इच्छा सिद्ध करणारा पुरावा असा तयार होतो. नंतर आठवणीने सांगितलेल्या दहा भेटींपेक्षा त्या एका दिवसाचे कागद अधिक बोलतात.

आता तयारीचा प्रश्न. विक्रेत्याचा वकील उलटतपासणीत हमखास विचारतो: '१३ डिसेंबर २०२२ रोजी तुमच्याकडे ४५ लाख कोठे होते?' रोख नोटा मोजून दाखविण्याची अपेक्षा कायदा करीत नाही. बँक ऑफ इंडिया विरुद्ध जमशेटजी चिनॉय या जुन्या प्रकरणात प्रिव्ही कौन्सिलने म्हटले होते की, खरेदीदाराने पैसे समोर आणून ठेवण्याची किंवा रक्कम उभारण्याची पक्की योजना दाखविण्याची गरज नसते. ऐपत दिसली म्हणजे पुरे. कलम १६ चे स्पष्टीकरणही तेच सांगते: न्यायालयाने आदेश दिल्याखेरीज रक्कम प्रत्यक्ष जमा करणे आवश्यक नाही. पण या सवलतीचा अर्थ 'आमची पत मोठी आहे' एवढे म्हणून भागते, असा घेणे महागात पडते. २०२२ सालच्या यू. एन. कृष्णमूर्ती प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, व्यवहार पुरा करता येईल एवढा निधी उपलब्ध होता हे खरेदीदाराने पुराव्यानिशी दाखविले पाहिजे.

व्यापारी कुटुंबात पैसा असतो, पण तो एका नावावर क्वचितच असतो, आणि अडचण तेथेच येते. करार मुलाच्या नावे झालेला असतो, ठेवी वडिलांच्या नावे असतात, चालू खाते भागीदारी पेढीचे असते आणि काही रक्कम हिंदू अविभक्त कुटुंबाच्या खात्यात असते. घरातल्या माणसाला हे सारे 'आपलेच' वाटते. न्यायालयाला ते चार निरनिराळ्या व्यक्तींचे दिसते. पेढीच्या खात्यातील २० लाखांवर एकट्या भागीदाराचा हक्क कसा, हा प्रश्न विचारला की साक्षीदार गडबडतो. त्यावर उपाय कठीण नाही. मुदतीपूर्वी रक्कम कराराधारकाच्या स्वतःच्या खात्यात आणून ठेवावी, किंवा निदान वडिलांनी आणि पेढीच्या इतर भागीदारांनी ती रक्कम या खरेदीसाठी देण्याचे त्याच वेळी लिहून द्यावे, आणि पुढे त्यांनी साक्षही द्यावी. दावा लागल्यावर केलेल्या कागदाला फारशी किंमत राहत नाही.

दुसरा गैरसमज कॅश क्रेडिट मर्यादेचा आहे. 'आमची बँकेत ६० लाखांची लिमिट आहे' असे सांगणारे खरेदीदार पुष्कळ असतात. ही मर्यादा मालाच्या साठ्यावर व येणे रकमेवर, व्यापाराच्या खेळत्या भांडवलासाठी मंजूर झालेली असते. त्यातून जमीन घेणे म्हणजे मंजुरीच्या अटींचा भंग होय. बँक त्याला निधीचा अन्यत्र वापर समजते. तेव्हा त्या मर्यादेतील शिल्लक तयारीचा पुरावा म्हणून पुढे करणे म्हणजे विरुद्ध बाजूच्या हाती कोलीत देणे. जमीन खरेदीसाठी बँकेने दिलेले मंजुरीपत्र असेल तर ते उपयोगी पडते. पण तेही मुदतीच्या तारखेस वैध असले पाहिजे, कारण अशी पत्रे काही महिन्यांत शिळी होतात.

उदाहरणातील व्यापाऱ्याकडे स्वतःच्या नावे १२ लाख बचत खात्यात, १८ लाख मुदत ठेवीत आणि १५ लाख पेढीतील त्याच्या भांडवल खात्यात होते. त्याने १५ लाख पेढीतून नोव्हेंबरमध्येच उचलून आपल्या खात्यात घेतले. त्यामुळे ४५ लाखांचा हिशेब कागदावर एका नजरेत दिसत होता.

यानंतर २० डिसेंबर रोजी विक्रेत्याच्या वकिलाचे उत्तर आले. त्यात म्हटले होते की, मुदत संपली, खरेदीदाराने रक्कम दिली नाही, सबब करार रद्द करण्यात आला आहे. त्याच दिवशी दुपारी व्यापाऱ्याच्या खात्यात १५ लाख रुपये आरटीजीएसने परत आले.

सर्वांत धोक्याचा क्षण हाच. पेढीचा हिशेबनीस ती जमा रक्कम नेहमीप्रमाणे नोंदवून मोकळा होतो, दुसऱ्या दिवशी एखाद्या पुरवठादाराचा धनादेश त्यातून वटतो, आणि मालकाला वाटते की पैसे आपल्याकडेच आले आहेत तर काय बिघडले, दावा तर चालूच ठेवू. बिघडते ते असे की, परत आलेला विसार निमूटपणे स्वीकारणे हे करार संपल्याचे मान्य केल्यासारखे दिसते. २०२५ साली संगीता सिन्हा विरुद्ध भावना भारद्वाज या प्रकरणात नेमके हेच निर्णायक ठरले. विक्रेतीने करार रद्द केल्याचे कळवून आगाऊ रक्कम डिमांड ड्राफ्टने परत पाठविली होती आणि खरेदीदाराने ते ड्राफ्ट वटवून घेतले होते. ड्राफ्ट वटविणारा खरेदीदार व्यवहार पुरा करण्यास इच्छुक होता असे म्हणता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरविले. ड्राफ्ट निदान हातात येतो, तो न वटविता परत पाठविता येतो. आरटीजीएसची रक्कम विचारल्यावाचून खात्यात येऊन पडते. म्हणूनच हल्लीच्या काळात हा सापळा अधिक सोपा झाला आहे.

व्यापाऱ्याने दोन दिवसांत तीच रक्कम विक्रेत्याच्या त्याच खात्यात परत पाठविली आणि पत्राने कळविले की, करार रद्द झाल्याचे आपणास मान्य नाही, विसाराची रक्कम कराराप्रमाणे विक्रेत्याकडेच राहील. विक्रेत्याने ती पुन्हा परत केली असती किंवा खाते बंद केले असते, तर ती रक्कम वेगळ्या मुदत ठेवीत ठेवून, तिला हात न लावता, दावा दाखल करताना ती न्यायालयात जमा करण्याची तयारी दाखविणे हा मार्ग उरला असता. रक्कम कोठेही असली तरी ती व्यापाराच्या प्रवाहात मिसळता कामा नये.

त्या रद्द करण्याच्या नोटिशीबद्दल आणखी एक गोष्ट. दाव्यापूर्वी विक्रेत्याने करार रद्द केल्याचे कळविले असेल, तर 'ते रद्द करणे बेकायदेशीर आहे असे घोषित करावे' ही मागणी दाव्यात स्वतंत्रपणे करावी लागते. २०१३ च्या आय. एस. सिकंदर प्रकरणापासून विक्रेत्यांचे वकील हा आक्षेप आवर्जून घेतात, आणि वरील २०२५ च्या निकालातही तो मुद्दा खरेदीदाराच्या विरोधात गेला. एक ओळ राहून गेल्याने सारा दावा धोक्यात यावा हे विचित्र वाटते, पण ते तसे आहे.

येथे करारातील एका नेहमीच्या कलमाचा उल्लेख करावयास हवा. विसारपावतीत अनेकदा लिहिलेले असते की, विक्रेता फिरला तर तो विसाराच्या दुप्पट रक्कम देईल. त्यावर बोट ठेवून विक्रेता म्हणतो, 'घ्या ३० लाख आणि विषय संपवा.' ८४ लाखांच्या भूखंडावर त्याला तरीही नऊ लाख सुटतात. स्पेसिफिक रिलीफ ॲक्टच्या कलम २३ प्रमाणे, अशी रक्कम करार पाळला जावा यासाठी धाक म्हणून लिहिलेली असेल तर ती असूनही करारपूर्तीचा हुकूम मिळू शकतो. मात्र 'विक्रेत्यास खरेदीखत करून देण्याऐवजी दुप्पट रक्कम देण्याचा पर्याय राहील' अशी भाषा असेल तर दार बंद होते. फरक एका शब्दाचा असतो, आणि तो सही करण्यापूर्वी पाहायचा असतो.

रोखीचा विषय नाजूक आहे, पण टाळण्यासारखा नाही. १५ लाख खात्यातून आणि १० लाख 'वरचे' रोखीने, अशी पद्धत अजून पूर्णपणे गेलेली नाही. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा त्याहून अधिक आगाऊ रक्कम रोखीने स्वीकारणे आयकर कायद्याला मान्य नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, दोन लाख किंवा त्याहून अधिक रक्कम रोख दिल्याचे दाव्यात म्हटले असेल तर न्यायालयाने ती माहिती आयकर विभागाला कळवावी, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये बंगळूरच्या एका शिक्षणसंस्थेच्या प्रकरणात दिला आहे. खरेदीदार रोख रक्कम सांगतो तर चौकशी ओढवून घेतो, सांगत नाही तर कराराची खरी किंमत लपविल्याचे उलटतपासणीत उघड होते आणि त्याच्या सगळ्याच साक्षीवरचा विश्वास उडतो. या पेचातून सुटण्याचा मार्ग दावा लागल्यानंतर राहत नाही.

साठेखत नोंदविलेले नसेल तर दावा होतो का? होतो. नोंदणी अधिनियमाच्या कलम ४९ च्या परंतुकाप्रमाणे नोंदणी न झालेला दस्तही करारपूर्तीच्या दाव्यात कराराचा पुरावा म्हणून दाखल करता येतो. मात्र मुद्रांक शुल्क अपुरे असेल तर दस्त न्यायालयात अडकवून ठेवला जातो, आणि उरलेले शुल्क व त्यावर दरमहा दोन टक्के दराने दंड भरल्याशिवाय तो वाचला जात नाही. नोंदणीचा खरा फायदा मात्र वेगळा आहे, आणि तो उदाहरणात पुढे दिसतो.

विक्रेत्याने मार्च २०२३ मध्ये तोच भूखंड ८४ लाखांना तिसऱ्याच इसमाला विकला, असे समजा. कलम १९ प्रमाणे करारपूर्तीचा हुकूम त्या नव्या खरेदीदारावरही बंधनकारक होतो. अपवाद एकच, त्याने मोबदला देऊन, प्रामाणिकपणे आणि पहिल्या कराराची माहिती नसताना जागा घेतली असेल तर. साठेखत दुय्यम निबंधकाकडे नोंदविलेले असेल तर 'मला माहीत नव्हते' हे त्याला म्हणता येत नाही, कारण नोंदणी हीच कायद्याने माहिती मानली जाते. साधी विसारपावती असेल तर मात्र तो तेच म्हणेल, आणि कधी कधी ते खरेही असेल. नवा खरेदीदार बांधला गेला तर खरेदीखत कोणी करून द्यायचे, याचे उत्तर दुर्गाप्रसाद विरुद्ध दीपचंद या प्रकरणापासून ठरलेले आहे: मूळ विक्रेत्याने खरेदीखत करावे आणि नव्या खरेदीदाराने त्यात सामील होऊन आपला हक्क पहिल्या खरेदीदाराकडे द्यावा. त्यासाठी त्याला दाव्यात प्रतिवादी करणे आवश्यक असते.

दावा दाखल झाल्यानंतर झालेल्या विक्रीसाठी मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाचे कलम ५२ आहे. दावा चालू असताना केलेले हस्तांतर दाव्याच्या निकालाला बांधील राहते. इतर राज्यांतील नातेवाईक हे ऐकून निर्धास्त राहण्याचा सल्ला देतात. पण महाराष्ट्रात एक जादा पायरी आहे. येथे १९३९ च्या मुंबई दुरुस्तीमुळे हे संरक्षण मिळण्यासाठी दावा चालू असल्याची नोटीस दुय्यम निबंधकाकडे नोंदवावी लागते. वकीलमंडळी तिला लिस पेंडन्सची नोटीस म्हणतात. तीत पक्षकारांची नावे, न्यायालय, दाव्याचा क्रमांक, दाखल तारीख आणि मिळकतीचे वर्णन असते. उदाहरणातील व्यापाऱ्याने फेब्रुवारी २०२३ मध्ये वरिष्ठ स्तर दिवाणी न्यायालयात दावा लावला आणि त्याच आठवड्यात ही नोटीस नोंदविली. त्यामुळे मार्चमधील विक्री त्याच्या दाव्याला मारक ठरली नाही. जोडीला विक्रीस तूर्तातूर्त मनाई मागणारा अर्जही त्याने दिला होता. पण मनाईवर सुनावणी लांबली तरी नोटीस आपले काम करत राहते.

दाव्याला मुदत किती? करारात तारीख ठरलेली असेल तर त्या तारखेपासून तीन वर्षे. ठरलेली नसेल तर विक्रेत्याने नकार दिल्याचे समजल्यापासून तीन वर्षे. या तीन वर्षांवर विसंबून बसणे धोक्याचे आहे. मदुराईच्या एका घराबाबतच्या विद्यानाडम प्रकरणात खरेदीदाराने १९७८ साली ६० हजारांच्या करारापोटी फक्त पाच हजार दिले, सहा महिन्यांची मुदत असताना तो सुमारे अडीच वर्षे स्वस्थ राहिला आणि मग दावा केला. दावा मुदतीत होता; तरीही १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने करारपूर्ती नाकारली. २०१८ च्या दुरुस्तीनंतर न्यायालयाचा स्वेच्छाधिकार आकुंचित झाला असला, तरी इतका काळ गप्प राहिलेला माणूस 'सदैव इच्छुक' कसा, हा प्रश्न कायमच आहे.

दाव्यात मागण्या मांडताना कंजुषी करू नये. खरेदीखताबरोबर ताबा मागावा, आणि पर्याय म्हणून विसाराची रक्कम व्याजासह परत व नुकसानभरपाई मागावी. कलम २२ प्रमाणे मागितल्याशिवाय ताबा किंवा विसाराचा परतावा देता येत नाही; मागणी राहून गेली तर दुरुस्तीने ती घालून घेता येते, पण वेळ जातो. न्यायालय शुल्क मात्र दिलेल्या १५ लाखांवर नव्हे, तर कराराच्या संपूर्ण ६० लाखांवर द्यावे लागते, हे आधीच हिशेबात धरावे.

साक्षीबाबत एक सूचना आवश्यक आहे. करार पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलाच्या नावे आणि दाव्याची धावपळ वडिलांकडे, अशी रचना घरोघरी असते. मग मुखत्यारपत्रावर वडीलच साक्ष देतात. मान कौर प्रकरणात २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे की, खरेदीदाराच्या मनाची तयारी व इच्छा याविषयी त्याने स्वतः साक्ष दिली पाहिजे. मुखत्याराला ती देता येत नाही. अपवाद आहेत, पण त्यांच्या भरवशावर राहण्यापेक्षा मुलाने चार दिवस रजा काढून साक्षीला उभे राहणे स्वस्त पडते.

या सर्वातून जाण्यापूर्वी व्यापाऱ्याने एक साधा हिशेब मांडावा. समन्स पोहोचल्यापासून १२ महिन्यांत, फार तर आणखी सहा महिन्यांत, असा दावा निकाली काढावा असे सुधारित कायदा म्हणतो. प्रत्यक्षात आणि त्यावरील अपिलांत याहून पुष्कळ अधिक काळ जातो. तेवढा काळ ४५ लाख हाताशी ठेवावे लागतात. गोदामासाठी तोच भूखंड अपरिहार्य असेल, भाव बराच वाढलेला असेल, कागद चोख असतील, तर हा भार उचलणे योग्य ठरते. तसे नसेल आणि विक्रेता १५ लाखांवर व्याज व काही भरपाई देण्यास तयार असेल, तर लेखी तडजोड करून मोकळे होण्यात कमीपणा नाही. परत आलेले पैसे निमूटपणे खात्यात ठेवून घेणे आणि विचारपूर्वक, लेखी अटींवर ते स्वीकारणे, यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

हुकूमनामा मिळाल्यावरही एक अट शिल्लक राहते. न्यायालय उरलेली रक्कम जमा करण्यास मुदत देते, समजा दोन महिने. त्या मुदतीत ४५ लाख जमा झाले नाहीत तर कलम २८ प्रमाणे विक्रेता करार रद्द करण्याचा अर्ज करू शकतो, आणि जिंकलेला दावा हातचा जातो. अडचण खरी असेल तर मुदत संपण्यापूर्वीच वाढ मागावी. रक्कम जमा केल्यानंतरही विक्रेता सही करण्यास आला नाही, तर व्यापारी दरखास्त दाखल करतो आणि न्यायालयाने नेमलेला अधिकारी विक्रेत्याच्या वतीने खरेदीखतावर सही करतो. त्या दिवशी लागणाऱ्या मुद्रांक शुल्काची तरतूदही वेगळी ठेवावी लागते. राजस्थानातील खंडाका जैन ज्वेलर्स प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली ठरविले की, हुकूमनाम्यानंतर होणाऱ्या खरेदीखतावरील शुल्क कराराच्या वेळच्या किमतीवर नव्हे, तर दस्त होतानाच्या बाजारमूल्यावर आकारले जाईल. तेव्हा ६० लाखांच्या भूखंडाचे शुल्क ८४ लाखांवर किंवा त्याहूनही अधिक रकमेवर लागू शकते. साठेखतावर आधी भरलेले शुल्क त्यातून वजा होते की नाही, हे त्या वेळी दुय्यम निबंधकाकडे मूळ पावती दाखवून ठरवून घ्यावे. ती पावती साठेखताला टाचूनच ठेवलेली बरी.